चिंचेजवळच्या एकाच नावाच्या दोघी

लग्न होऊन मी घाटावरून खाडीकाठच्या या गावात आले, तेव्हा मला सुकट आणि जवळा यांतला फरकही कळत नव्हता. पुढे ग्रामपंचायतीत संगणक परिचालकाचं काम मिळालं आणि गावातली घरं माणसांच्या आधी मला कॉम्प्युटरवरच्या ओळी म्हणून भेटली. त्या ओळींवर विश्वास ठेवला असता, तर आमच्या गावात मेलेली माणसं जिवंत माणसांपेक्षा जास्त आहेत आणि निम्म्या लोकांची घरं हवेत आहेत, असं मानावं लागलं असतं.

ग्रामसेवकांनी, म्हणजे आमच्या भाऊसाहेबांनी, एका सोमवारी सकाळी ती फाईल माझ्या स्क्रीनवर उघडून दिली. मिळकतींची नोंदवही होती ती. कोणाचं घर, कुठे, किती क्षेत्रफळाचं, त्यावरून घरपट्टी. आकारणीची नवीन यादी लावायची वेळ आली होती आणि ती लावण्याआधी हे सगळं साफ करायचं होतं.

"काय काय चुकलंय यात?" मी विचारलं.

"काय बरोबर आहे ते विचारा, लवकर सांगून होईल," भाऊसाहेब म्हणाले आणि चहा सांगायला बाहेर गेले.

मूळ वही हाताने लिहिलेली. ती कधी एकाने टाईप केली, कधी दुसऱ्याने. मध्ये एकदा कोणीतरी सगळी नावं इंग्रजीत घातली आणि नंतर कोणीतरी ती परत मराठीत आणली. त्या येण्याजाण्यात 'ध'चा 'घ' झाला, 'भ'चा 'म' झाला, आणि एकाच माणसाचे पाच मालक झाले. एका ठिकाणी नुसतं आडनाव, एका ठिकाणी नावापुढे 'कै.', एका ठिकाणी नावामागे 'मयत', एका ठिकाणी त्याच माणसाची बायको. पत्त्यांचं तेच. बंदर आळी, बंदरआळी, बंदर पाडा, जेटीमागे, ही सगळी एकच जागा. दोन घरांचा पत्ता 'स्वतःचे घर' असा होता. क्षेत्रफळाचा रकाना कुठे रिकामा, कुठे चौरस फुटांचा आकडा चौरस मीटरच्या रकान्यात. त्यामुळे शाळेमागच्या एका आजोबांची दोन खोल्यांची झोपडी कागदावर अलिबागच्या एखाद्या बंगल्यापेक्षा मोठी झाली होती. एका ओळीत तर क्षेत्रफळ म्हणून 'अंगणासह' एवढंच लिहिलेलं.

मला मात्र हे काम आवडलं. खरंच आवडलं. तांदूळ निवडायला बसावं तसं वाटायचं. मूळ फाईलची एक प्रत मी बाजूला ठेवली आणि तिला हात लावायचा नाही असं ठरवलं. दुसऱ्या प्रतीत जुन्या नावाच्या शेजारी नव्या नावाचा रकाना केला. काही खोडायचं नाही, फक्त शेजारी लिहायचं. आळ्यांची नावं एकसारखी केली. ज्या ओळी एकाच मालकाच्या वाटल्या त्या पिवळ्या केल्या. ज्यांचं घरच कुठे आहे ते कळत नव्हतं त्या लाल.

घरी जेवताना मी सासू-सासऱ्यांना विचारायचे. दोघंही याच गावचे, सगळ्यांना ओळखणारे. पण त्याचा उपयोग उलटाच व्हायचा.

"उंडीखाली म्हणून पत्ता आहे एक. कुठे आलं हे?"

"देवळाच्या मागं," सासूबाई म्हणायच्या. "मोठी उंडी व्हती तिथं. आमी तिच्या बिया वेचायचो."

"देवळामागं कुठली उंडी? ती बंदरावर व्हती," सासरे म्हणायचे. "तिच्या सावलीत आमी जाळी विणायचो."

मग उंडीवरून वाद, वादातून कोणाच्या तरी लग्नाची गोष्ट, आणि माझी ओळ लालच राहायची. गावात आता कुठेच उंडीचं झाड नव्हतं. वादळात पडलं म्हणे. कुठल्या वादळात, यावरही दोघांचं जमलं नाही.

पिवळ्या ओळींमध्ये एक जोडी मला फार सोपी वाटली होती. मालकीण एकच. नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव अक्षरन् अक्षर सारखं. पत्ता दोन्हीकडे 'चिंचेजवळ'. घराच्या चार बाजूंना काय आहे ते लिहायचा, चतुःसीमेचा, रकानाही दोन्हीकडे सारखा. फरक एवढाच की पहिल्या ओळीत क्षेत्रफळ होतं, दुसरीत नव्हतं; पट्टीची रक्कम मात्र दोन्हीकडे तीच. इतकी स्वच्छ दुबार नोंद अख्ख्या फाईलमध्ये दुसरी नव्हती. भाऊसाहेबही बघून खूश झाले. "ही रद्द करायला ठरावात घेऊ," म्हणाले. "पण आधी बाईंना फोन करून खात्री करा. विचारल्याशिवाय काही नको."

पहिल्या ओळीतल्या नंबरवर फोन केला. पलीकडून फोडणीचा आवाज आला आणि मग एक खणखणीत बाई. गावात येणाऱ्या पर्यटकांना घरगुती जेवण देणाऱ्या काकी. मी नाव विचारलं तर म्हणाल्या, "मीच गो. किती माणसं हायत जेवायला?"

दुसऱ्या ओळीतल्या नंबरवर केला. मागे समुद्राचा वारा आणि कावळे. "मीच. सुकट पायजे का बोंबील?"

मी फोन ठेवला आणि भाऊसाहेबांकडे बघितलं. ते म्हणाले, "दोघींना बोलवा. मागची पावती घेऊन."

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या, आणि त्याही एकत्र, एकाच रिक्षातून, हसत. खानावळवाल्या काकी उंच, धिप्पाड, कानात मोठ्या कुड्या. सुकटवाल्या काकी लहानखुऱ्या, डोक्यावरची टोपली काढून दाराशी ठेवून आत आलेल्या. त्यांच्यामागून अख्ख्या कार्यालयात बोंबलाचा वास शिरला.

"आमचे नवरे चुलत भाऊ," खानावळवाल्या काकी म्हणाल्या, जणू आम्हाला शाळेत शिकवतायत. "दोघांनाबी आज्याचंच नाव ठेवलं. आता आजा एकच, मग नाव कोन सोडनार? आनि बायकाबी आल्या त्या एकाच नावाच्या."

"हिचं लगीन आधी," सुकटवाल्या काकी म्हणाल्या. "माझं नाव बदलायचं ठरलं व्हतं. मी रडले. मी म्हनलं, बापानं ठेवलेलं हाय, मी न्हाय बदलनार."

"मग काय, दवाखान्यात गेलो की माझी सुई हिला आनि हिची मला."

"एकदा हिच्या डोळ्याचा चष्मा मला आला. मी वापरला बी थोडे दिस. ब्येस दिसायचं."

भाऊसाहेब हसू दाबत होते. मी पिवळ्या ओळीकडे बघत होते. म्हणजे या एक नव्हेतच, दोघी आहेत. पिवळा रंग काढायचा, दोन्ही ओळी ठेवायच्या, झालं. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. दोघी दोन असतील, पण दोन घरांच्या चारी बाजू सारख्या कशा?

मी दुसरी ओळ वाचून दाखवली. "पूर्वेला विहीर, पश्चिमेला वाट, उत्तरेला मोकळी जागा. काकी, तुमच्या घराच्या पश्चिमेला वाट आहे?"

सुकटवाल्या काकींनी हात वर केला, खुर्चीतच थोड्या वळल्या, मनात घरासमोर उभ्या राहिल्या. "सूर्य बुडतो तिथं ना? न्हाय. तिथं खाडी हाय. वाट म्होरं हाय, पूर्वेला."

"आनि विहीर माझ्याकडं हाय," खानावळवाल्या काकी म्हणाल्या. "हिच्या घराला विहीर कुठली? ही माझंच पानी भरते."

भाऊसाहेबांनी जुन्या अर्जांची फाईल काढली. सुकटवाल्या काकींचा नवरा गेला तेव्हा त्यांनी घराला आपलं नाव लावायला अर्ज केला होता. अर्जावर पत्ता 'चिंचेजवळ'. चिंच दोन्ही घरांच्या मध्ये, वाटेच्या कडेला. टाईप करणाऱ्याने काकींचं नाव शोधलं असणार, त्याला चिंचेजवळचं याच नावाच्या बाईंचं घर सापडलं असणार, आणि त्याने त्याच घराची आणखी एक ओळ करून खाली ठेवली असणार. चतुःसीमा आणि पट्टी वरूनच उतरवून.

माझ्या डोक्यात हे सावकाश उतरलं. ओळी दोन, बाया दोन, पण घर एकच. दोन्ही ओळी खानावळीच्याच घराच्या होत्या.

"म्हणजे," खानावळवाल्या काकी हळूच म्हणाल्या, "इतकी वर्सं माझ्या घराची पट्टी हीबी भरते?"

"आनि मी म्हनत व्हते, माझं घर येवढं लहान नि पट्टी येवढी कशी," सुकटवाल्या काकी म्हणाल्या. दोघी एकमेकींकडे बघून इतक्या हसल्या की बाहेर पाण्याची तक्रार घेऊन आलेला माणूस डोकावून गेला.

मग सुकटवाल्या काकी एकदम थांबल्या. पदराने तोंड पुसलं. "पन बाय, मग माझं घर कुठं हाय?"

मी सगळीकडे शोधलं. त्यांच्या नवऱ्याच्या नावाने, त्यांच्या नावाने. त्यांचं घर कुठेच नव्हतं.

"लगीन होऊन आले ती त्या घरात," त्या म्हणाल्या. आवाज खाली आला होता. "पोरं तिथंच झाली. ते तिथंच गेले. आनि तुमच्याकडं न्हायच व्हय ते?"

खानावळवाल्या काकींनी त्यांचा हात धरला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू घर मीच कुठेतरी ठेवून विसरले आहे. "ही पोरगी शोधील," त्या म्हणाल्या. तो दिलासा होता की हुकूम, ते मला आजही सांगता येणार नाही.

दुपारी मी जेवणाचा डबा उघडलाही नाही. विचार केला, काकींच्या घराला फाईलमध्ये नाव नसेल, पण शेजारी आहेत. शेजाऱ्यांच्या ओळी आहेत. आणि शेजाऱ्यांच्या ओळीत त्यांच्या चार बाजू लिहिलेल्या असणार. काकींच्या दक्षिणेला एका बोटवाल्याचं घर होतं, त्याची नोंद नीट होती. मी ती काढली. पश्चिमेस खाडी. पूर्वेस वाट. उत्तरेस... आणि तिथे एक नाव होतं. विचित्र नाव, मी कधी न ऐकलेलं. ते मी मोठ्याने वाचलं.

भाऊसाहेबांनी मान वर केली. "असं नाव नसतं हो कोणाचं."

"मग काय असेल?"

"घ आहे ना सुरुवातीला? ध करून वाचा."

ध करून वाचलं आणि नाव सरळ झालं. मी काकींना फोन लावला. "काकी, तुमच्या सासऱ्यांचं नाव काय?"

त्यांनी सांगितलं. तेच.

आता ते घ असलेलं नाव मी फाईलभर शोधलं. सापडलं, माझ्याच लाल ओळींमध्ये! मालक, सासरे. पूर्वेस वाट, पश्चिमेस खाडी, दक्षिणेस तोच बोटवाला. क्षेत्रफळ रिकामं. आणि पत्ता, उंडीखाली. उत्तरेकडच्या घराची ओळ काढून पाहिली. तिच्या दक्षिणेस हेच नाव. दोन्ही बाजूंनी गाठ बसली.

म्हणजे उंडी देवळामागे नव्हती आणि बंदरावरही नव्हती. संध्याकाळी घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "असंल, तिथंबी एक असंल." सासऱ्यांनी माझ्या ताटात एक तळलेली मांदेली जास्तीची वाढली.

घर सापडलं, पण क्षेत्रफळाचा रकाना रिकामा होता. तो अंदाजाने भरायचा नाही, हे आमचं आधीच ठरलं होतं. मोजायलाच जायचं. सकाळी मी आणि भाऊसाहेब टेप घेऊन गेलो. चिंचेखालून वाटेवर वळलो तर खानावळवाल्या काकी आधीच तिथे हजर, कंबरेला पदर खोचून.

"एक टोक मी धरते," त्या म्हणाल्या. "हिचं घर मोजताना कमी-जास्त झालं तर हिच्यासंगं भांडायला मीच लागनार."

घर छोटंसं, मंगलोरी कौलांचं, भिंतींना निळा रंग. मागे खाडी चमकत होती आणि बांबूंवर बोंबील वाळत लटकले होते. भाऊसाहेब आकडे लिहीत होते, मी वाचत होते. दोन काकी दोन टोकांना. बाहेरून लांबी चोवीस फूट, रुंदी अठरा. पुढची पडवी तीच चोवीस, रुंदी सहा.

सुकटवाल्या काकींनी टेप सोडली नाही. बांबूंकडे बोट दाखवलं. "ते बी मोजनार?"

"ते बांधकाम नाही," भाऊसाहेब म्हणाले. "नुसते बांबू उभे आहेत. त्याला पट्टी नाही."

"मग बोंबलांना सांगते, निवांत लटका म्हनून."

मी तिथेच मोबाईलवर हिशेब केला. घर चारशे बत्तीस चौरस फूट, पडवी एकशे चव्वेचाळीस, मिळून पाचशे शहात्तर. मीटरच्या रकान्यासाठी दहा पूर्णांक शहात्तरने भागलं तर साडेत्रेपन्नच्या आसपास आलं. दोन्ही आकडे आपापल्या रकान्यात लिहिले, आणि शेजारी 'प्रत्यक्ष मोजणी' असा शेरा. मागाहून कोणी विचारलं तर आकडा कुठून आला ते कळावं म्हणून.

"आता माझं झालं ना घर?" सुकटवाल्या काकींनी विचारलं.

भाऊसाहेब पायरीवर बसले. हे समजावून सांगताना ते नेहमी बसतात. "काकी, घर तुमचंच होतं. आमची वही करापुरती. मालकी तिच्यावरून ठरत नाही. पण वहीत तरी खरं लिहिलेलं असावं. सासऱ्यांच्या नावावरून आता वारसांची नोंद करू. त्यांचा दाखला, तुमच्या नवऱ्याचा दाखला, आणि जेवढे वारस तेवढ्या सगळ्यांची नावं."

"मुलगा हाय. दोन मुली, दिलेल्या हायत."

"मुलींचीही येतील. सासऱ्यांना अजून कोणी मुलं?"

"हे एकलेच."

"मुलींची बी?" काकींनी परत विचारलं. मग वाटेकडे बघत म्हणाल्या, "ब्येस. धाकटीला सांगते. ती म्हनायची, आये, माझं तिथं आता काय हाय."

पुढे दोघी कागद घेऊन कार्यालयात आल्या आणि नाव लावायची वेळ आली तेव्हा पुन्हा अडचण झाली. आता दोन ओळी, दोन घरं, दोन बाया, पण वाचणाऱ्याला नाव एकच दिसणार. उद्या माझ्या जागी दुसरं कोणी आलं की ते पुन्हा पिवळा रंग फिरवणार. मी प्रत्येक मालकाला एक वेगळा क्रमांक दिला होताच, घराच्या क्रमांकाहून निराळा. त्यामुळे एका माणसाची दोन घरं असली तरी माणूस एकच राहायचा, आणि दोन माणसांचं नाव एक असलं तरी माणसं दोन राहायची. पण क्रमांक कॉम्प्युटरला कळतो. लोकांसाठी काहीतरी हवं.

"मोठी आनि बारकी लिव," खानावळवाल्या काकींनी सुचवलं.

"मी बारकी कशाला?" सुकटवाल्या काकी. "वयानं मी थोरली हाय."

शेवटी उपाय त्यांच्या नवऱ्यांकडे निघाला. नवरे चुलत भाऊ, म्हणजे त्यांचे वडील निराळे. दोघींच्या नावात नवऱ्याच्या नावापुढे सासऱ्याचंही नाव घातलं. लांबलचक झालं, रकान्यात मावेना, मी रकाना रुंद केला. सुकटवाल्या काकींनी स्क्रीनजवळ तोंड नेऊन ते अक्षर अक्षर वाचलं. ध नीट आलाय ना, तेही बघितलं.

मासिक सभेत तो विषय निघाला तेव्हा आमच्या सरपंच ताई आधी गोंधळल्याच. "एक नोंद रद्द, एक दुरुस्त, एका ठिकाणी वारस, आणि बायका त्याच? परत सांगा." भाऊसाहेबांनी फळ्यावर चिंच काढली, वाट काढली, खाडी काढली, दोन चौकोन काढले. खाडी काढून होईपर्यंत ताईंना समजलं होतं, पण ते थांबले नाहीत, एक होडीही काढली. दुबार ओळ रद्द झाली, म्हणजे खोडली नाही, तिच्यापुढे 'रद्द' आणि ठराव लिहिला. चुकून भरलेली पट्टी काकींच्या खऱ्या घराच्या नावावर वळती करायचंही ठरलं.

ठराव झाला त्या दुपारी खानावळवाल्या काकींनी कार्यालयात डबे पाठवले. कोळंबीचं कालवण, तांदळाची भाकरी, सोलकढी. मी घाटावरची, पहिल्या वर्षी मला या वासाने मळमळायचं. आता बोटं चाटून झाली तरी डबा सोडवेना.

यादी छापून बाहेरच्या फलकावर लावली. हरकती असतील तर मुदतीत लेखी द्या, अशी सूचना खाली. मला वाटलं होतं, दोन-चार जण येऊन बघून जातील. पण सकाळपासून फलकासमोर लग्नघरासारखी गर्दी. लोक स्वतःचं नाव सापडलं की बोट टेकवून ठेवायचे, दुसऱ्यांचं बघायला मोकळे. सुकटवाल्या काकी आल्या, त्यांनी आपल्या ओळीचा मोबाईलवर फोटो काढायला लावला आणि तिथूनच मुलींना पाठवला. धाकटीचा लगेच फोन आला. त्या म्हणाल्या, "व्हय गो, तुजंबी हाय. खाली बघ." आणि मग फोन कानाला धरून चिंचेच्या दिशेने बोलत बोलत निघून गेल्या.

मी खिडकीत उभी राहून बघत होते. तेवढ्यात पहिली लेखी हरकत आली. बंदर आळीतले एक काका, कागद दुमडून हातात. मी मनाशी म्हटलं, आता क्षेत्रफळ कमी करा म्हणून सांगणार.

"माझं घर कमी लिवलंय तुमी," ते म्हणाले. "माडीवरची खोली धरलीच न्हाय."

भाऊसाहेबांनी चष्मा काढला. "काका, धरली तर पट्टी वाढेल तुमची."

"वाढू दे. पोरीला बघायला पाहुने येनार हायत पुढच्या आठवड्यात. याच रस्त्यानं येनार. फलक वाचतील ना ते!"

कार्यालयातले सगळे हसले, काकाही हसले, पण कागद त्यांनी मागे घेतला नाही. मी टेप पिशवीत टाकली, चपला घातल्या आणि त्यांच्याबरोबर माडी मोजायला निघाले.